नियमानुसार दीक्षांतानंतर

नोकरीचं पत्र आलं तेव्हा आईने देवापुढे साखर ठेवली आणि बाबांनी पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्या वाचनात ते एका कलमावर थांबले.

"हे पाह्यलं का तू? प्रोव्हिजनल सर्टिफिकेट फक्त रुजू होण्यापुरतं चालेल म्हणून राहिले. परिवीक्षा संपायच्या आत मूळ पदवी. नाही दिली तर नियुक्ती रद्द."

पाहिलं होतं. नागपूरच्या सरकारी प्रयोगशाळेतलं पद होतं, रसायनशास्त्राचं. एमएस्सी होऊन वर्ष उलटलं होतं आणि माझ्याजवळ विद्यापीठाचं प्रोव्हिजनल तेवढं होतं. पदवी दीक्षांत समारंभात मिळते, आणि आमच्या जबलपूरच्या विद्यापीठाचा दीक्षांत होऊन बराच काळ लोटला होता. पुढचा कधी, ते कोणालाच ठाऊक नव्हतं. मोठे पाहुणे यायचे होते, पाहुण्यांची तारीख मिळत नव्हती, म्हणून पदव्या थांबल्या होत्या. ज्यांनी परीक्षा दिल्या त्यांच्या सोयीचा विचार या सगळ्यात कुठेच नव्हता.

तरी दीक्षांताआधी पदवी मिळू शकते. तातडीची गरज असेल तर वेगळं शुल्क भरून, सगळ्या सेमिस्टरच्या गुणपत्रिका आणि गरजेचा पुरावा जोडून परीक्षा नियंत्रकांकडे अर्ज करायचा. कुलगुरूंनी मंजुरी दिली की पदवी हातात. कॉलेजातल्या सरांनी मला हे सांगितलं होतं, आणि विद्यापीठाच्या फलकावरही तसं लिहिलं होतं.

अर्ज मी हिंदीत लिहिला, कारण तिथला कारभार हिंदीत चालतो. बाबा बाजूला बसून पाहत होते. त्यांची सगळी नोकरी संरक्षण खात्याच्या कारखान्यात, लेथ मशीनवर गेली. पण साहेबाला अर्ज कसा लिहायचा याबद्दल त्यांची मतं पक्की होती.

"काहून गं, 'महोदय' एकदाच लिहून राहिली? शेवटी पण टाक. आणि 'महती कृपा होगी' राहिलं."

"कृपा कसली, बाबा? शुल्क भरून राहिलो ना आपण."

"लिहून टाक. आपल्या बापाचं काय जातं?"

लिहिलं. मी कोण, कुठल्या कॉलेजची, नोंदणी क्रमांक, परीक्षा कोणती, प्रोव्हिजनल कधीचं, नोकरी कुठे, आणि त्या नोकरीत प्रोव्हिजनल केवळ तात्पुरतं मान्य असून मूळ पदवी मुदतीत न दिल्यास नियुक्ती रद्द होईल. म्हणून दीक्षांताची वाट न पाहता उपाधी, म्हणजे पदवी, द्यावी, ही विनंती. शेवटी महती कृपा. अर्जासोबत गुणपत्रिका, प्रोव्हिजनल, शुल्काची पावती आणि हिंदीतल्याच नियुक्तिपत्राची प्रत जोडली. त्या कलमाखाली मी पेन्सिलीने रेघही मारली. माझ्या मते यात न समजण्यासारखं काही नव्हतं.

परीक्षा विभागात वर जायच्या जिन्याच्या कोपऱ्यांत कोणी थुंकू नये म्हणून देवांच्या फरश्या लावल्या आहेत. लोक देवांना वाचवून थोडं बाजूला थुंकतात. त्यामुळे प्रत्येक फरशीभोवती लाल-तपकिरी महिरप तयार झाली आहे, आणि त्या वासात आपण पदवीधर होतो. वर आवक खिडकीशी मी अर्ज दिला. माझ्या प्रतीवर शिक्का मागितला तर खिडकीतल्या बाई म्हणाल्या, "विश्वास नहीं है क्या?" नाही, असं म्हणायचं होतं. मी हसले. शिक्का मिळाला.

उपाधी शाखेत ज्यांच्याकडे माझा अर्ज जाणार होता ते बाबू चाळिशीचे असतील. त्यांच्या तोंडात गुटखा होता. बोलायचं झालं की ते हनुवटी वर करायचे, म्हणजे रस खाली येऊ नये. त्यामुळे ते सतत छताशी बोलतात असं वाटे. मी नियुक्तिपत्रातलं कलम दाखवायला गेले.

"रख दीजिए. देख लेंगे," ते छताला म्हणाले.

"सर, इसमें लिखा है कि..."

"मैडम, हमको पढ़ना आता है."

मी पुन्हा गेले तेव्हा "फाइल ऊपर गई है" असं कळलं. त्यानंतर गेले तेव्हा फाइल वर होतीच, पण साहेब रजेवर होते. पुढच्या खेपेला साहेब होते, तर बाबू नर्मदेवर ग्वारीघाटला कोणाच्या तरी दशक्रियेला गेले होते. यावर काही बोलताही येत नाही. मधल्या वेळात रुजू व्हायची तारीख आली आणि मी नागपूरला निघून गेले. प्रयोगशाळेत प्रोव्हिजनल दाखवलं, त्यांनी ते मान्य केलं आणि सेवापुस्तिका उघडली. आस्थापना विभागातल्या मॅडम स्पष्ट म्हणाल्या, "मूळ पदवी मुदतीत आणा हं. आधीच्या एका मुलाचं त्यापायीच गेलं."

मी बाबांच्या नावाने अधिकारपत्र लिहून पाठवलं आणि ते माझ्याऐवजी जाऊ लागले. फोनवर विचारलं की त्यांचं उत्तर एकच, "होऊन राह्यलं. माणूस चांगला आहे."

माणूस किती चांगला आहे हे मला उत्तर आल्यावर कळलं. बाबांनी त्या उत्तराचा फोटो पाठवला. माझ्याच अर्जाच्या मागे शेरा होता: संलग्न नियुक्तिपत्रानुसार संबंधित संस्थेत प्रोव्हिजनल प्रमाणपत्र मान्य आहे, सबब तत्काळ आवश्यकता प्रतीत होत नाही. नियमानुसार दीक्षांतानंतर उपाधी देय. खाली सही. नियुक्तिपत्राच्या प्रतीवर, जिथे मी पेन्सिलीने रेघ मारली होती, तिथे त्या माणसाने लाल शाईने स्वतःची रेघ मारली होती. 'प्रोव्हिजनल प्रमाणपत्र मान्य होईल' इथपर्यंत. पुढचं अर्धं वाक्य त्याने रेघेबाहेर ठेवलं होतं.

मी प्रयोगशाळेच्या स्वच्छतागृहात जाऊन तोंड धुतलं. चूक झाली असती, फाइल हरवली असती, तर मी समजू शकले असते. पण त्या माणसाला खरंच वाचता येत होतं. त्याने वाक्य नीट वाचलं, कुठे कापलं की काम टळतं ते पाहिलं आणि तिथेच कापलं. त्यात त्याचा काही फायदाही नव्हता.

मी आमच्या मॅडमना विचारलं की मूळ पदवी तातडीने हवी असं वेगळं पत्र द्याल का. त्या म्हणाल्या, "नियुक्तिपत्रातच लिहिलंय की. त्याहून वेगळं आम्ही काय देणार? उद्या प्रत्येक जण मागेल." त्यांचंही बरोबर होतं. परिवीक्षेत रजा मोजूनमापून मिळते; एक दिवस मिळाला. शनिवारी विद्यापीठाचं ते कार्यालय बंद असतं, म्हणून शुक्रवारची रजा घेतली आणि मी सकाळी जबलपूरला उतरले.

घरी बाबा पांढरा शर्ट घालून तयारच होते. वाटेत त्यांनी स्कूटर थांबवली आणि दुकानातून खोव्याच्या जिलेबीचा डबा घेतला. गरम होता, खालून तूप झिरपत होतं.

"हे कशाला?"

"असू दे. रिकाम्या हाती काहून जायचं?"

"आपण लग्नाला चाललो का, बाबा?"

त्यांनी डबा हँडलला लटकवला आणि किक मारली.

शाखेत पोचलो. बाबूंच्या टेबलापुढे एक रिकामी खुर्ची होती. बाबा त्या खुर्चीच्या मागे उभे राहिले. मी म्हटलं बसा, तर म्हणाले, "नको, ते बोलावतील मग." तेव्हा मला समजलं की गेले सगळे दिवस ते इथे असेच उभे असत. सत्तरीला टेकलेला, गुडघ्याला पट्टा बांधलेला माणूस. आणि बाबूंनी मान वर केल्यावर माझ्या बाबांनी हात जोडले. हात तर जोडलेच, वर कमरेतून थोडे वाकलेही. त्यांच्याहून तीस वर्षांनी लहान असलेल्या त्या माणसापुढे.

"भैयाजी, बिटिया आई है नागपुर से. आप ही का सहारा है."

"अंकल, बता तो दिया आपको. दीक्षांत के बाद," बाबू म्हणाले. तेव्हाही हनुवटी वर. मग त्यांनी कोपऱ्यातल्या कचऱ्याच्या डब्यात थुंकून घेतलं आणि मनगटाने ओठ पुसले.

मला त्या माणसाची किळस आली, हे उघडच आहे. पण त्या क्षणी मला बाबांचे जोडलेले हातही पाहवेनात. ते हात मी ओळखत होते. लेथवर बोटाचं टोक गेलेलं, नखात कायमचं काळं बसलेलं. ते हात खाली ओढावेत असं वाटलं. मी बाबांना म्हटलं, "चला," आणि सरळ परीक्षा नियंत्रकांच्या दाराशी गेले. शिपाई म्हणाला मीटिंग आहे. आतून हसण्याचे आवाज येत होते. मी दार ढकललं.

आत एक कापडवाला होता. टेबलावर फेट्यांचे आणि उपरण्यांचे नमुने पसरले होते. नियंत्रक एका भगव्यावर दुसरा भगवा ठेवून पाहत होते, आणि दोन प्राध्यापक मत देत होते. पाहुण्यांची तारीख मिळाली नव्हती, पण फेट्यांचा रंग ठरत होता.

"हाँ, क्या है?"

मी माझ्या प्रतीवरचा आवक शिक्का दाखवला आणि शेरा वाचून दाखवला.

"तो ठीक ही लिखा है. प्रोव्हिजनल चल रहा है न वहाँ? ज्वाइन भी कर लिया होगा."

"सर, वाक्य पूरा पढ़िए."

माझा आवाज चढला असावा, कारण कापडवाल्याने फेटा खाली ठेवला. मी कलम मोठ्याने वाचलं. प्रोव्हिजनल प्रमाणपत्र मान्य होईल, परंतु केवळ रुजू होण्यापुरतं; आणि मूळ पदवी परिवीक्षेच्या आत सादर न केल्यास नियुक्ती आपोआप रद्द समजली जाईल. मग म्हटलं, "लाल लाइन यहाँ तक है. इसके आगे मेरी नौकरी है."

नियंत्रकांनी कागद हातात घेतला. वाचला. बेल दाबली. बाबू आले, आता तोंड रिकामं होतं आणि हनुवटी जागेवर.

"अरे यार, पूरा पढ़ा करो," नियंत्रक म्हणाले. आणि हसले. बाबूही हसले. प्राध्यापकही थोडं हसले. एखाद्याने चहात साखर घालायची विसरावी आणि सगळ्यांनी हसून सोडून द्यावं, तसं. बाबाही कसनुसं हसले. मी एकटी हसले नाही, म्हणून नियंत्रक मला म्हणाले, "हो जाएगा, बेटा. टेंशन मत लो."

मग जे झालं ते इतकं सोपं होतं की त्याचीच जास्त चीड आली. त्यांनी माझ्याकडून नवा अर्ज घेतला आणि त्यावर 'विशेष प्रकरण, अनुमोदनार्थ' असं लिहिलं. शिपाई तो कुलगुरूंच्या कार्यालयात घेऊन गेला. आम्ही बाहेरच्या बाकावर बसलो. जेवणाच्या सुट्टीनंतर मंजुरी होऊन कागद परत आला. बाबूंनी लोखंडी कपाट उघडलं. कपाटात पदव्यांचे गठ्ठे होते, विषयवार दोऱ्याने बांधलेले. रसायनशास्त्राच्या गठ्ठ्याचा दोरा सोडून त्यांनी मधून एक काढली. ती माझी होती. छापलेली, तयार. कुलसचिवांची सही आणि तारीख तेवढी व्हायची होती. बाबा हात जोडून उभे होते त्या खुर्चीपासून ते कपाट हाताच्या अंतरावर होतं.

सही होऊन आली. नोंदवहीत माझी सही घेतली. तेव्हा बाबू बाबांकडे पाहून म्हणाले, "अंकल, इतना बड़ा काम हुआ, मुँह मीठा नहीं कराएँगे?"

मी म्हणणार होते, की झालेलं काम शुल्क भरून झालं आहे. पण तोवर बाबांनी डबा टेबलावर ठेवून दोरा सोडला होता. जिलेबी थंड होऊन काळपट दिसत होती. बाबूंनी एक उचलली, शेजारच्या टेबलवाल्याला एक दिली, परत एक घेतली.

मी पदवी वाचत होते. इंग्रजीत नाव बरोबर होतं. हिंदीत आमच्या आडनावातल्या 'ळ'चा 'ल' झाला होता.

"ये अक्षर गलत है," मी म्हटलं.

"कहाँ?" असं म्हणून बाबूंनी वाकून त्या अक्षरावर बोट ठेवलं. जिलेबीचं बोट. मी कागद ओढला तोवर तुपाचा गोल डाग आडनावावर उमटला होता. "अच्छा, ये? हिंदी में वो वाला 'ल' होता ही नहीं, मैडम. सुधार कराना है तो जमा कर दीजिए. एफिडेविट लगेगा. फिर दीक्षांत के बाद ही..."

"नको," बाबा मराठीतच म्हणाले. मग त्यांना कळलं की समोरच्याला मराठी समजत नाही. "नहीं नहीं, भैयाजी, बढ़िया है. बहुत बढ़िया है."

मी पदवी घेतली आणि जिना उतरले. रुमालाने तूप टिपायचा प्रयत्न केला तर डाग पसरला, म्हणून सोडून दिलं. खाली स्कूटरजवळ मी बाबांवर ओरडले. रस्त्यावर, लोकांसमोर.

"काहून दिली त्याला जिलेबी? त्याने आपलं नुकसान केलं आणि तुम्ही त्याला भरवून राहिले! आणि हात काहून जोडले? एवढ्या वेळा काहून जोडले?"

बाबा हेल्मेट हातात धरून ऐकत होते. मग म्हणाले, "तू रोज नव्हती ना इथे. मी होतो. तुला एकदा दार ढकलून जमलं. मला नसतं जमलं. मला त्यांनी उचलून बाहेर टाकलं असतं." हातातल्या हेल्मेटकडे पाहत म्हणाले, "मला काय जिलेबी द्यायची हौस होती? मला तर त्याच्या तोंडात बसवायचं होतं हे." आणि त्यांनी हेल्मेट हलवलं.

एवढं ते कधी बोलत नाहीत. त्यांना राग येत नाही, त्यांना हे सगळं चालतं, अशी माझी समजूत होती. त्यांना माझ्याइतकीच शिसारी आली होती, फक्त ती गिळून ते रोज उभे राहत होते. त्याने मला बरं वाटलं असं नाही. उलट त्या शाखेबद्दलची किळस आणखी घट्ट झाली. कारण काम न करण्याचं पाप मी एक वेळ समजू शकते. पण एका सरळ, कष्टाळू माणसाकडून रोज थोडं थोडं खोटं हसू काढून घेणं, आणि वर त्यालाच मुँह मीठा करा म्हणणं, याला काय म्हणावं ते मला अजून सुचलेलं नाही.

घरी आईने पदवी हातात घेतली, डोळ्यांना लावली आणि विचारलं, "हे तेल कसं लागलं गं?" बाबा म्हणाले, "दुकानात ठेवली होती जरा." मीही मान हलवली. संध्याकाळी ते दोघं टोमॅटोच्या भावावरून नेहमीसारखे भांडत होते, आणि मी निघायची तयारी करत होते.

सोमवारी प्रयोगशाळेतल्या मॅडमनी पदवी प्रोव्हिजनलशी ताडून पाहिली. इंग्रजी नाव जुळलं. 'ल' त्यांनी पाहिला, माझ्याकडे पाहिलं, आणि म्हणाल्या, "तुमच्या तिकडच्या सगळ्यांचं असंच येतं. चालेल." छायाप्रत काढली, मूळ पदवी परत दिली. परिवीक्षा संपल्यावर माझी नोकरी कायम झाली.

त्यानंतर कधीतरी दीक्षांत झाला. माझ्या फोनवर निमंत्रणाचा संदेश आला होता: आपण गौरवशाली परंपरेचा भाग आहात, उपस्थितीसाठी नोंदणी करा, पोशाखाचं शुल्क ऑनलाइन भरा. मी तो पुसून टाकला.

आमच्या गल्लीतल्या एका मुलीला मागच्या महिन्यात भिलाईहून नोकरीचं पत्र आलं, आणि तिच्याजवळही प्रोव्हिजनलच आहे. तिने फोन करून विचारलं, "दीदी, अर्जी में क्या लिखूँ?" मी सांगितलं, की कलम जोडू नकोस नुसतं, ते पूर्ण वाक्य अर्जात उतरव, स्वतःच्या अक्षरात, पहिल्याच ओळीत. प्रतीवर शिक्का घे. बाबांना पाठवू नकोस. ती म्हणाली, "और वो 'महती कृपा'?"

मला बाबा आठवले. मग म्हटलं, "लिहून टाक." कारण तिला पदवी हवी होती, आणि मला तिथल्या माणसांची पुरती ओळख झाली होती.